आई-वडिलांच्या नावावरचा मोबाइल क्रमांक सज्ञान मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करणे : ठाणे आणि नवी मुंबईतील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती प्रामुख्याने अशा कुटुंबांसाठी आहे, जिथे क्रमांक वडिलांच्या किंवा आईच्या कागदपत्रांवर घेतलेला आहे, तो अनेक वर्षे मुलगा किंवा मुलगी वापरत आहे आणि आई-वडील हयात असून त्यांची नावबदलास संमती आहे. पालक हयात नसल्यास काय करावे, हे पुढे वेगळ्या प्रश्नात दिले आहे.

क्रमांक इतकी वर्षे मीच वापरत आहे आणि रिचार्जही मीच करत आहे. मग तो माझ्या नावावर का नाही?

क्रमांक वापरणारी व्यक्ती आणि कंपनीच्या नोंदीतील ग्राहक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिम घेताना जो ग्राहक अर्ज भरला जातो, त्यावर ज्याचे नाव आणि ओळखपत्र असते, तोच त्या क्रमांकाचा धारक मानला जातो. रिचार्ज कोणाच्या खात्यातून होते, याचा त्याच्याशी संबंध नसतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही. त्यामुळे दहावी-बारावीत असताना घेतलेला क्रमांक पालकांच्या नावावर असणे स्वाभाविकच आहे.

याची अडचण जाणवते ती फोन हरवल्यावर. बदली सिम धारकालाच मिळते, म्हणून कोकणात राहणाऱ्या वडिलांना केवळ त्यासाठी ठाण्याला यावे लागते. दुसरी अडचण पुढच्या काळातील आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सुधारित केलेल्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत, एखादा क्रमांक खरोखर त्याच व्यक्तीच्या नावावर आहे का, हे बँका आणि तत्सम संस्थांना पडताळता यावे यासाठी व्यवस्थेची तरतूद आहे. खाते मुलीचे आणि त्याला जोडलेला क्रमांक वडिलांचा, ही विसंगती आज कोणाच्या लक्षात येत नसली, तरी ती उघडी पडण्याची शक्यता यापुढे वाढत जाणार आहे.

क्रमांक नेमका कोणाच्या नावावर आहे, हे खात्रीने कसे कळेल?

कंपनीच्या अॅपमध्ये दिसणाऱ्या नावावर विसंबू नये. अनेक अॅपमध्ये ते नाव वापरकर्त्याला स्वतः बदलता येते आणि त्याचा मूळ अर्जाशी संबंध असेलच असे नाही.

त्यापेक्षा दूरसंचार विभागाच्या sancharsaathi.gov.in या संकेतस्थळावर जाऊन `Know Mobile Connections in Your Name` ही सुविधा उघडावी आणि ज्या क्रमांकाविषयी शंका आहे, त्याच क्रमांकावर ओटीपी मागवून प्रवेश करावा. त्या क्रमांकाच्या धारकाच्या नावावर असलेले सर्व क्रमांक, मधले आकडे झाकलेल्या स्वरूपात, यादीत दिसतात. त्या यादीत वडिलांचा दुसरा क्रमांक दिसला, तर आपला क्रमांकही त्यांच्याच नावावर आहे असे समजावे. आपल्या स्वतःच्या नावावरचा एखादा क्रमांक असेल, तर त्यावरूनही प्रवेश करून आपल्या नावावर एकूण किती जोडण्या आहेत हे मोजून ठेवावे. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त 9 जोडण्या असू शकतात आणि हस्तांतरित होऊन येणारा क्रमांकही त्यात धरला जातो.

त्याच यादीत `Not My Number` हा पर्याय आहे. वडिलांनी तो निवडला तर क्रमांक माझ्या नावावर होईल का?

नाही, आणि ही चूक महागात पडू शकते. `Not My Number` याचा अर्थ असा घेतला जातो की, त्या व्यक्तीच्या ओळखपत्राचा गैरवापर करून कोणीतरी जोडणी घेतली आहे. त्यानंतर पुनर्पडताळणी होते आणि ती पूर्ण न झाल्यास क्रमांक बंद होतो. `Not Required` निवडणे म्हणजे जोडणी बंद करण्याची विनंती करणे होय. नाव बदलण्याची सोय या यादीत नाही. तिचा उपयोग फक्त पाहण्यासाठी करावा.

पोर्ट करताना माझी कागदपत्रे दिली, तर नाव आपोआप बदलणार नाही का?

पोर्टिंग ही कंपनी बदलण्याची प्रक्रिया आहे, ग्राहक बदलण्याची नव्हे. काही दुकानदार हा जवळचा मार्ग म्हणून सुचवतात, परंतु त्यात धारकाची नोंदवलेली संमती कुठेच राहत नाही. पुढे वाद किंवा चौकशी उद्भवल्यास दाखवायला कागद नसतो. म्हणून आधी सध्याच्या कंपनीत नाव बदलावे आणि मग हवे असल्यास पोर्ट करावे.

या क्रमाला तांत्रिक कारणही आहे. नावबदलाची विनंती प्रलंबित असेपर्यंत पोर्टिंगचा कोड दिला जात नाही. तसेच सिम बदलले गेले असल्यास, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार, पुढील 7 दिवस हा कोड मिळत नाही. त्यानंतर नेहमीप्रमाणे `PORT`, एक मोकळी जागा आणि दहा अंकी क्रमांक असा एसएमएस 1900 वर पाठवता येतो.

नाव बदलण्यापूर्वी सर्वांत महत्त्वाची तयारी कोणती?

वडिलांचे जे काही त्या क्रमांकाला जोडलेले आहे, ते आधी त्यांच्या नव्या क्रमांकावर नेणे. दुकानातील कामापेक्षा या कामाला अधिक वेळ लागतो आणि बहुतेक कुटुंबे नेमके हेच मागाहून करतात. क्रमांकाचा धारक बदलला म्हणून बँक, आधार किंवा गॅस कंपनी यांच्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. परिणामी वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे ओटीपी मुलीच्या फोनवर येत राहतात, आणि तो क्रमांक आता कायद्यानेही वडिलांचा राहिलेला नसतो.

काय काय जोडलेले आहे हे आठवून लिहिण्यापेक्षा, त्या क्रमांकावर आलेले मागील पूर्ण एका वर्षाचे एसएमएस चाळावेत. वर्षच का, तर काही संदेश वर्षातून एकदाच येतात. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा संदेश साधारण नोव्हेंबरच्या सुमारास येतो, विम्याच्या हप्त्याची आठवण त्या पॉलिसीच्या महिन्यात येते आणि प्राप्तिकराचा संदेश विवरणपत्राच्या हंगामात येतो. बँकेच्या संदेशात खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. ते पासबुकाशी ताडून पाहिले की, कोणते खाते वडिलांचे आणि कोणते आपले हे लगेच समजते. महावितरणचे वीजबिल, गॅस सिलिंडरची नोंदणी आणि गृहनिर्माण संस्थेच्या गेटवरचे अॅप या गोष्टी किरकोळ वाटल्या, तरी त्याही यादीत घ्याव्यात.

आधारची नोंद वेगळी तपासावी. एकच क्रमांक एकापेक्षा अधिक आधारना जोडलेला असू शकतो, त्यामुळे आपल्या आधारचा ओटीपी येतो म्हणजे वडिलांचे आधार दुसऱ्या क्रमांकाला जोडलेले असेल, असे मानू नये. आधार केंद्रावर जाऊन वडिलांचा नवा क्रमांक जोडता येतो. त्यासाठी ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये शुल्क आहे.

एक संपूर्ण उदाहरण देता येईल का?

समजा, कोपरखैरणे येथे राहणारी आणि महापे येथे नोकरी करणारी एक तरुणी आहे. तिचा प्रीपेड क्रमांक ती शाळेत असताना वडिलांच्या ओळखपत्रावर वाशीतील दुकानातून घेतला होता. वडील निवृत्त होऊन चिपळूणजवळच्या गावी राहायला गेले आहेत आणि त्यांच्याकडे आता दुसरा क्रमांक आहे. तिच्या क्रमांकाला तिचे पगाराचे खाते आणि यूपीआय जोडलेले आहे. वडिलांचे निवृत्तिवेतनाचे खाते, आधार आणि गॅसची जोडणीही मात्र अजून त्याच क्रमांकावर आहेत.

पहिली पायरी चिपळूणची आहे. वडील बँकेच्या शाखेत मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज देतात. अर्जाची पोच मिळाली म्हणजे काम झाले असे न समजता, काही दिवसांनी ते एटीएममधून छोटी रक्कम काढून पाहतात. संदेश त्यांच्या हातातील फोनवर आला आणि मुलीच्या फोनवर आला नाही, तेव्हाच ती नोंद पूर्ण झाली असे मानतात. आधार केंद्राचे काम आणि गॅस वितरकाकडील बदल याच काळात होतात.

दुसरी पायरी दिवस निवडण्याची. तरुणीचे घरभाडे 5 तारखेला आणि गुंतवणुकीचा हप्ता 10 तारखेला जातो. तिच्या रिचार्जची मुदत 18 तारखेला संपते. म्हणून वडील तपासणीसाठी नवी मुंबईत येणार असतात, त्याच भेटीत ते 16 तारखेला सकाळी दुकानात जायचे ठरवतात. महिन्याचे महत्त्वाचे व्यवहार तोपर्यंत झालेले असतात आणि रिचार्जची मुदत संपत आल्यामुळे काही दिवस वाया गेले तरी नुकसान थोडे होते. सिम बदलले गेले, तर 17 तारखेपर्यंत ओटीपी येणार नाहीत, हे गृहीत धरून ती कार्यालयीन कामासाठी लागणारा प्रवेश आधीच पडताळून ठेवते.

तिसरी पायरी दुकानातील. तिचे वर्णन पुढे केले आहे. चौथी पायरी आठवड्याभरानंतरची : ती त्याच क्रमांकावरून संचार साथीच्या यादीत प्रवेश करते आणि वडिलांचे क्रमांक यादीतून गेले असून आपल्या नावावरचे क्रमांक दिसत आहेत, याची खात्री करून घेते.

दुकानात नेमके काय होते आणि कोणत्या दुकानात जावे?

कंपनीच्या स्वतःच्या दालनात जावे. गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर 17 मध्ये रिचार्ज करून देणाऱ्या अनेक लहान दुकानांत नवे सिम मिळते, पण नावबदलाची सोय तेथे असेलच असे नाही. आई किंवा वडील आणि मुलगा किंवा मुलगी, दोघांनीही जावे. दोघांनी आपले मूळ आधार कार्ड सोबत ठेवावे, आणि ज्या क्रमांकाचे नाव बदलायचे आहे, ते सिम चालू असलेल्या फोनमध्येच असावे.

जुन्या धारकाकडून ना-हरकत घेतली जाते, म्हणजे अर्जावरील सही किंवा त्या क्रमांकावर आलेला ओटीपी, आणि बऱ्याचदा दोन्ही. नव्या धारकाची मात्र नव्या ग्राहकासारखीच संपूर्ण पडताळणी होते. 1 जानेवारी 2024 पासून कागदी अर्ज बंद झाले असून पडताळणी डिजिटल पद्धतीने होते. कर्मचारी आपल्या फोनमधून नव्या धारकाचे छायाचित्र तेथेच काढतो आणि ओळखपत्राचेही मूळ प्रतीवरून छायाचित्र घेतो. आधारवर आधारित पडताळणी असल्यास बोटाचा ठसा यंत्रावर द्यावा लागतो. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवले असेल, तर ते निघण्यापूर्वी घरीच उघडून ठेवावे. ठसा वारंवार नाकारला जात असताना खरे कारण हेच असल्याचे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. ओटीपीसाठी दुसरा चालू क्रमांकही मागितला जातो, म्हणून कुटुंबातील आणखी एक फोन जवळ असू द्यावा.

बाहेर पडण्यापूर्वी विनंतीचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा. अर्जातील नावाची अक्षरे आणि जन्मतारीख पडद्यावर स्वतः वाचून पाहावी. तेथे दोन मिनिटे अधिक गेली तरी चालतील, कारण नोंदणी झाल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हा तीच पडताळणी करावी लागते.

नाते सिद्ध करण्यासाठी काय द्यावे? माझे लग्नानंतर नाव बदलले आहे.

अविवाहित मुलामुलींच्या बाबतीत मधल्या नावावरूनच वडिलांशी असलेले नाते दिसून येते आणि अनेकदा वेगळा पुरावा मागितला जात नाही. विवाहित मुलीच्या आधारवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव असल्यास मात्र प्रश्न विचारला जाऊ शकतो. अशा वेळी पॅन कार्ड उपयोगी पडते, कारण त्यावर विवाहानंतरही सहसा वडिलांचेच नाव असते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुन्या शिधापत्रिकेची प्रतही सोबत ठेवावी. क्रमांक आईच्या नावावर असल्यास जन्माचा दाखला सर्वांत सोयीचा, कारण त्यात आई-वडील दोघांचीही नावे असतात. नवीन नोंद आपल्या सध्याच्या आधारवरील नावानेच होईल, माहेरच्या नावाने नव्हे.

सिम गावाकडे घेतले होते. ते ठाण्यात हस्तांतरित होईल का?

दूरसंचार सेवेच्या दृष्टीने ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण हे मुंबई परिमंडळात येतात. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा यांचे परिमंडळ वेगळे आहे. सातारा, रत्नागिरी किंवा नाशिक येथे घेतलेले सिम ठाण्यात कितीही वर्षे वापरले, तरी ते महाराष्ट्र-गोवा परिमंडळाचेच राहते आणि ठाण्यातील दालनात त्याचे नावबदलाचे काम नाकारले जाऊ शकते. रिचार्ज करताना क्रमांक टाकल्यावर परिमंडळाचे नाव दिसते, ते पाहून ठेवावे आणि जाण्यापूर्वी दालनात विचारून घ्यावे.

तेथे नकार मिळाल्यास सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे पुढच्या वेळी गावी गेल्यावर जवळच्या शहरातील दालनात दोघांनी जाणे. नाव बदलल्यानंतर क्रमांक मुंबई परिमंडळात आणायचा असल्यास पोर्टिंगने आणता येतो, कारण 3 जुलै 2015 पासून देशभर पोर्टिंगची मुभा आहे.

नवे सिम मिळते का? यूपीआयवर काय परिणाम होतो?

काही वेळा तेच सिम चालू राहते आणि काही वेळा नवे दिले जाते, म्हणून हे दालनातच स्पष्ट विचारावे. सिम बदलल्यास फसवणूक टाळण्यासाठी पहिले 24 तास येणारे आणि जाणारे एसएमएस बंद ठेवले जातात. बोलणे आणि इंटरनेट चालू असते, त्यामुळे सारे सुरळीत आहे असे वाटते आणि ऐन वेळी ओटीपी येत नाही. यूपीआय अॅप नवे सिम ओळखून पुन्हा नोंदणी मागते. ती नोंदणी त्याच सिमवरून जाणाऱ्या एसएमएसने होते, म्हणून ती 24 तासांनंतरच करावी. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून अॅप अडकवून घेऊ नये. नोंदणीनंतरही अनेक बँका पहिल्या दिवशी रकमेची मर्यादा कमी ठेवतात.

पोस्टपेड असल्यास काय वेगळे आहे?

थकीत बिल आधी भरावे लागते. वडिलांच्या कार्डावरून किंवा खात्यातून बिल आपोआप भरले जात असेल, तर ती व्यवस्था हस्तांतरणाच्या आधी रद्द करावी आणि जमा असलेली अनामत रक्कम कोणाला परत मिळणार, हे लेखी घ्यावे. कुटुंबाच्या एकत्रित योजनेतील मुख्य क्रमांक असल्यास, त्याखालील इतर क्रमांकांचे काय होईल हेही विचारावे.

वडील आजारी आहेत आणि दालनात येऊ शकत नाहीत.

दालनातील व्यवस्थापकाशी आधी बोलून घरी येऊन पडताळणी करण्याची किंवा सही केलेले ना-हरकत पत्र आणि ओळखपत्राची प्रत स्वीकारण्याची लेखी विनंती करावी. हा निर्णय कंपनीच्या पद्धतीनुसार होतो. वडिलांच्या जागी दुसऱ्याने सही करणे किंवा त्यांना न सांगता त्यांच्या फोनवरचा ओटीपी देणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. ती ओळखीची तोतयेगिरी ठरते, घरातल्या घरात केली तरीही.

धारकाचे निधन झाले असल्यास?

महानगरपालिकेने दिलेला मृत्यूचा दाखला, आपले ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि इतर वारसांची ना-हरकत घेऊन दालनात जावे. भावंडांच्या सह्या घरातील सर्वजण एकत्र असतानाच घेऊन ठेवल्यास पुढची धावपळ टळते. तोपर्यंत रिचार्ज खंडित होऊ देऊ नये. क्रमांक बंद झाल्यास तो 90 दिवसांनंतर दुसऱ्या अनोळखी ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि वडिलांच्या खात्यांचे ओटीपी त्या व्यक्तीकडे जाऊ लागतात. त्या फोनवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे मृत व्यक्तीच्या खात्यातून पैसे काढू नयेत. त्यासाठी बँकेत वारसनोंदीचा दावाच करावा.

विनंती विनाकारण अडकली किंवा नाकारली गेली तर कोणाकडे जावे?

त्याच कंपनीच्या क्रमांकावरून 198 वर फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. नकाराचे कारण लेखी किंवा एसएमएसने मागावे, कारण बहुतेक नकार नावातील अक्षरांचा फरक, थकबाकी किंवा परिमंडळ यांपैकी एका कारणाने आलेले असतात आणि कारण कळले की उपायही ठरतो. तक्रारीचा निकाल समाधानकारक नसल्यास 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येते, आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत देणे अपेक्षित आहे. त्यानंतरही प्रश्न न सुटल्यास pgportal.gov.in वर दूरसंचार विभागाकडे तक्रार करावी आणि तेथे आधीच्या दोन्ही तक्रारींचे क्रमांक नमूद करावेत.